ट्रेडवेलबद्दल आपल्याला वाईट का वाटतं? ‘ग्रिझली मॅन’चा प्रकरण अभ्यास

पहिलंच दृश्य. हिरवंगार कुरण, मागे दोन तपकिरी अस्वलं निवांत चरताहेत आणि पुढे गुडघ्यावर बसलेला एक सोनेरी केसांचा माणूस कॅमेऱ्याशी बोलतोय. या अस्वलांसाठी मी मरेन, पण त्यांच्या पंजांनी मरणार नाही, असं तो सांगतो. आवाजात उत्साह आहे, थोडी पोरकट बढाईही आहे. तो बोलत असतानाच पडद्यावर त्याचं नाव उमटतं आणि खाली दोन आकडे येतात : १९५७-२००३.

प्रेक्षकाचं मन वळवण्याचं काम या दोन आकड्यांपासून सुरू होतं. ते नसते, तर आपल्यासमोर अस्वलांच्या फार जवळ गेलेला एक बढाईखोर माणूस असता आणि आपण ‘हा काय करतोय!’ म्हणून वैतागलो असतो. आकडे आले की तोच माणूस मेलेला असतो. त्याची बढाई ऐकताना आता पोटात कालवतं. अजून निवेदकाने तोंडही उघडलेलं नाही.

वेर्नर हर्झोग यांचा ‘ग्रिझली मॅन’ हा माहितीपट २००५ साली आला. टिमथी ट्रेडवेल सलग तेरा उन्हाळे अलास्कातल्या कटमाई राष्ट्रीय उद्यानात अस्वलांमध्ये राहिला. शेवटच्या पाच वर्षांत त्याने तिथे शंभर तासांच्या आसपास व्हिडिओ चित्रीकरण केलं. ऑक्टोबर २००३ मध्ये काफ्लिया खाडीजवळच्या तळावर अस्वलाने त्याला आणि त्याची मैत्रीण एमी ह्युगनार्ड हिला मारून खाल्लं. हे फुटेज आणि त्याला ओळखणाऱ्यांच्या मुलाखती एकत्र करून हर्झोग यांनी सुमारे पावणेदोन तासांचा चित्रपट केला आणि निवेदन स्वतःच्या आवाजात केलं.

हे प्रकरण निवडण्याचं कारण म्हणजे त्यातला माणूस. ट्रेडवेलबद्दल सहानुभूती वाटावी असं वरवर फारसं काही नाही. तो उद्यानाचे नियम मोडत होता. अस्वलांना माणसाची सवय लावत होता आणि त्याने अस्वलांचंच नुकसान होतं. आपण ऑस्ट्रेलियातले आहोत असं तो लोकांना सांगे, प्रत्यक्षात तो न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा. त्याच्यामुळे एका स्त्रीचा जीव गेला, आणि प्रेतं काढायला गेलेल्या रेंजरांना दोन अस्वलं गोळ्या घालून मारावी लागली. तरीही चित्रपट संपतो तेव्हा बहुतेकांचा गळा दाटलेला असतो. आमच्या छोट्या फिल्म मंडळात हा चित्रपट दाखवला, तेव्हा वन्यजीवांवर जीव असलेली आणि ट्रेडवेलचा मनापासून राग आलेली मंडळीही शेवटी गप्प बसली होती. एक काकू एवढंच म्हणाल्या, ‘मला त्याच्या आईचंच वाईट वाटतंय.’ त्या वाक्याने मला या चित्रपटाच्या मागे लावलं. आईचं वाईट वाटणं आणि मुलाचं वाईट वाटणं या दोन गोष्टी नेमक्या कुठे एक होतात, ते शोधायचं होतं.

त्यासाठी मी चित्रपट तीनदा वेगवेगळ्या रीतीने पाहिला. एकदा आवाज बंद करून. एकदा फक्त हर्झोग यांची वाक्यं वहीत उतरवत, प्रत्येक वाक्यानंतर लगेच कोणतं दृश्य येतं ते शेजारी लिहीत. आणि एकदा मुलाखतींची यादी करत : कोण बोलतं, ट्रेडवेलशी नातं काय, कुठे बसून बोलतं आणि त्याच्या लगेच आधी आणि नंतर कोण येतं. कोणताही माहितीपट असा उलगडता येतो. मात्र तिन्ही वेळा स्वतंत्र पाहावा लागतो, कारण निवेदन ऐकू आलं की डोळे त्याचंच ऐकायला लागतात.

आधी मुलाखती घेऊ.

सुरुवातीच्या भागात सॅम एग्ली येतो. हेलिकॉप्टरचा पायलट, घटनेनंतर अवशेष गोळा करण्याच्या कामात सामील झालेला. त्याचं म्हणणं सरळ आहे : हा माणूस अस्वलांशी असा वागायचा, जणू ती अस्वलाचा वेष घातलेली माणसंच आहेत, आणि त्याला जे मिळायचं तेच मिळालं. पुढे जाऊन तो असंही सुचवतो की अस्वलांनी त्याला इतके दिवस सोडलं, ते बहुधा त्याच्या डोक्यात काही बिघाड आहे असं वाटून.

आता हे बोलणं जंगलात राहणाऱ्याच्या दृष्टीने फारसं चूक नाही. पण ते बोलतो तो माणूस त्या माणसाच्या देहाचे तुकडे गोळा करून आलेला आहे. मेलेल्याबद्दल असं बोलू नये, हे आपल्या हाडात भिनलेलं असतं. एग्लीचं शेवटचं वाक्य ऐकलं की मनात आपोआप ‘अहो, पण...’ येतं. या ‘पण’वर हर्झोग पुढचा सगळा चित्रपट बांधतात. टीका गाळली असती तर प्रेक्षकाने ती स्वतः केली असती आणि दीड तास करत राहिला असता. टीका सुरुवातीलाच, अगदी कठोर रूपात आणि फटकळ माणसाच्या तोंडून आली, म्हणून ती करायचं काम प्रेक्षकाकडे उरलं नाही. बचावाचं काम मात्र त्याच्याकडे आलं. त्यानंतर ट्रेडवेलच्या पर्यावरणवादी मित्रांकडे आलेली तिरस्काराने भरलेली पत्रं वाचली जातात, तेव्हा हा बचाव आणखी घट्ट होतो.

हीच टीका दुसरा एक माणूसही करतो. त्याच्या शब्दाला खूप जास्त वजन आहे. स्वेन हाकन्सन हे अलास्कातल्या कोडियाक बेटावरच्या अलुटिक या मूळनिवासी समाजाचे, तिथल्या संग्रहालयाचे तेव्हाचे प्रमुख. ते शांतपणे सांगतात की आम्ही वाढलो तिथे अस्वलं आम्हाला टाळत आणि आम्ही अस्वलांना टाळत असू. त्यांच्या संस्कृतीच्या नजरेतून पाहिलं तर ट्रेडवेलने सात हजार वर्षं पाळली गेलेली, न बोललेली एक सीमा ओलांडली, आणि ती ओलांडली की किंमत द्यावी लागते. अस्वलांच्या इतकं जवळ जाणं हा त्यांना अस्वलाचा अपमान वाटतो.

ट्रेडवेलवरचा हा खरा आरोप आहे. एग्लीचा आरोप ‘मूर्खपणा’चा आहे, हाकन्सन यांचा ‘अनादरा’चा. आणि अस्वलांवरचं प्रेम हाच ज्याचा सगळा दावा, त्याला अनादराचा आरोप मुळातून हलवतो. पण चित्रपटात हाकन्सन यांच्या वाट्याला थोडा वेळ येतो. त्यांच्या बोलण्याला पुन्हा कोणी धागा जोडत नाही, त्यांच्याविरुद्ध कोणी बोलतही नाही. एग्लीचा राग आपल्याला भांडायला लावतो, हाकन्सन यांचं शहाणपण आपण मान डोलावून ऐकतो आणि पुढे जातो. निवडक मुलाखतींची ताकद कोणाला गाळलं यात असते असं आपण सहसा धरतो. इथे कोणालाही गाळलेलं नाही. जड आरोप हलक्या जागी ठेवला आहे आणि हलका आरोप जड जागी. यादी करताना मला हे दिसलं. नुसतं पाहताना दोनदा सुटलं होतं.

आता काकूंचं वाक्य. ट्रेडवेलचे आईवडील फ्लोरिडात त्यांच्या घरी सोफ्यावर बसून बोलतात. आईच्या हातात त्याचं जुनं टेडी बेअर आहे. मुलगा अगदी साधा होता, त्याने विली नावाची एक खार पाळली होती, असं त्या सांगतात. वडील सांगतात की एका लोकप्रिय मालिकेतली भूमिका थोडक्यात हुकली आणि तिथून त्याची घसरण झाली. या दोघांना कोणी विचारत नाही की तो इतकी वर्षं घरापासून तुटून का राहिला, आडनाव का बदललं. भूमिका हुकल्याच्या गोष्टीला दुसरा कोणी साक्षीदार चित्रपट आणत नाही.

खेळणं हातात धरलेल्या आईची कोणी उलटतपासणी घेत नाही, घेऊही नये. पण परिणाम पाहा. आतापर्यंत सेहेचाळीस वर्षांचा नियम मोडणारा माणूस होता. या दृश्यानंतर तो कोणाचा तरी खार पाळणारा पोरगा झाला, आणि अस्वलाशी बोलणाऱ्या त्या चिरक्या, लाडिक आवाजाला आता घरातलं मूळ मिळालं. आधी तो आवाज वेडगळ वाटत होता. आवाज बंद करून पाहिलं तेव्हा मला फक्त दोन म्हातारी माणसं आणि एक भुसा भरलेलं खेळणं दिसलं, तरीही घशाशी आलं. इथे शब्दांची गरजच नव्हती.

मित्रमंडळींबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. चित्रपटात सर्वांत जवळची साक्ष ज्युएल पालोव्हाक हिची आहे. ती ट्रेडवेलची एके काळची प्रेयसी, त्याच्याबरोबर ‘ग्रिझली पीपल’ ही संस्था स्थापन केलेली, आणि त्याचं फुटेज तिच्या ताब्यात. चित्रपटाच्या निर्मात्यांच्या श्रेयनामावलीतही तिचं नाव आहे. म्हणजे जिच्या परवानगीवाचून हा चित्रपट झालाच नसता, तीच त्यातली मुख्य शोकाकुल व्यक्ती आहे. तिचं दुःख खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही, ते पडद्यावर स्पष्ट दिसतं. पण कोणाच्या डोळ्यांतलं पाणी पडद्यावर येतं आणि कोणाचं येत नाही, याचा संबंध फुटेजची किल्ली कोणाकडे आहे याच्याशीही असतो. शवचिकित्सा करणारे डॉक्टर तिला ट्रेडवेलचं मनगटी घड्याळ देतात, ते अजून चालू असतं, आणि ती ते हातात घेऊन गदगदते. हे दृश्य कॅमेऱ्यासाठी मांडलेलं आहे हे दोघांच्या उभं राहण्यावरून आणि डॉक्टरांच्या जरा नाटकी बोलण्यावरून कळतं. कळूनही ते मनाला भिडतंच.

आता निवेदन. वहीत उतरवल्यावर मला सगळ्यांत जास्त जाणवलं ते हे की हर्झोग ट्रेडवेलची बाजू फार थोड्या ठिकाणी घेतात, आणि घेतात तेव्हा नेमकी एकाच गोष्टीत. अस्वलांचा अभ्यासक म्हणून ते त्याला काहीच देत नाहीत. उलट, निसर्गात सुसंवाद आहे हे त्याचं मत त्यांना अजिबात मान्य नाही. विश्वाचा पाया गोंधळ, वैर आणि खून हाच आहे असं ते थेट म्हणतात. पण एका टप्प्यावर ते सांगतात की इथे मला त्याच्या बचावासाठी मध्ये यायचंय, पर्यावरणाचा जाणकार म्हणून नाही, चित्रपट करणारा म्हणून.

त्या वाक्याशेजारी जे दृश्य येतं ते नीट पाहण्यासारखं आहे. ट्रेडवेल साहसपटातल्या नायकासारखा झुडपांतून धावत येतो, कॅमेऱ्यापुढे बोलतो, समाधान होत नाही म्हणून पुन्हा करतो. मग तो चौकटीतून बाहेर जातो आणि कॅमेरा चालूच राहतो. माणूस नाही, अस्वल नाही. वाऱ्यात गवत आणि झुडपं हलताहेत, बस. हर्झोग म्हणतात, या रिकाम्या वाटणाऱ्या क्षणांत एक गूढ सौंदर्य आहे आणि ते बहुधा त्याच्या लक्षातही आलं नसेल.

आवाज बंद करून हाच तुकडा पाहिला तर तो संकलनात सर्वांत आधी कापला जाईल असा शॉट आहे, कॅमेरा बंद करायला उशीर झाल्याने उरलेली शेपटी. निवेदनाने तिला कविता केलं, आणि त्याबरोबर ट्रेडवेलला एक असा दर्जा दिला जो कोणी हिरावू शकत नाही. अस्वलांबाबत तो चुकला असेल, पण हे त्याने टिपलं. प्रेक्षकाला आता त्याची चूक मान्य करूनही त्याच्या बाजूला उभं राहायला जागा मिळते. अख्ख्या माणसाचा बचाव केला असता तर आपण पटकन दूर झालो असतो. बहुतेक सगळं सोडून दिल्यावर उरलेला एक कोपरा धरून ठेवला, म्हणून तो कोपरा टिकतो.

याहून धीट काम निवेदन दुसऱ्या एका ठिकाणी करतं. ट्रेडवेल कॅमेऱ्यापुढे उद्यान सेवेवर घसरतो. शिव्या, बोटं दाखवणं, चेहरा लाल, थांबणं नाही. पाहायला त्रास होतो. अशा वेळी दोन मार्ग असतात, तुकडा काढून टाकायचा किंवा जसाच्या तसा दाखवायचा. हर्झोग तिसरा निवडतात. ट्रेडवेलचा आवाज हळू करतात आणि त्यावर स्वतः बोलतात. इथे तो एक रेषा ओलांडतोय जी आम्ही ओलांडणार नाही, ज्यांच्याबरोबर त्याने तेरा वर्षं काम केलं त्यांच्यावर तो व्यक्तिशः हल्ला करतोय, असं सांगतात. मग म्हणतात की चित्रपटातला नट आता दिग्दर्शकावर स्वार झालाय, हे वेड मी याआधी शूटिंगच्या सेटवर पाहिलंय. आणि मग हे की त्याचा खरा शत्रू उद्यान सेवा नाहीच, तो शत्रू म्हणजे माणसांचं जग, सगळी सुधारलेली दुनिया.

या तीन पायऱ्या एकामागोमाग येतात, काही सेकंदांत. पहिलीत निवेदक नैतिक अंतर राखतो, त्यामुळे आपला त्याच्यावर विश्वास बसतो. दुसरीत शिव्या हा स्वभावदोष राहत नाही, कलावंताचं झपाटलेपण होतो. तिसरीत ठरावीक माणसांबद्दल असलेला राग संपूर्ण जगाविरुद्धचा एकाकी लढा होतो. ज्या रेंजरांना तो नावं घेऊन शिव्या देत होता, ते या वाटेत कुठेतरी नाहीसे होतात. त्यांना काय वाटलं असेल, असा विचार दृश्य संपेपर्यंत मनात येत नाही. दुसऱ्यांदा पाहताना आला, तेव्हा मला स्वतःचाच थोडा राग आला.

निवेदनाबद्दल एक गोष्ट मात्र हर्झोग यांच्या बाजूने नोंदवायला हवी. ते ‘मी’ म्हणून बोलतात. ‘मला दिसतं’, ‘मला वाटतं’, ‘मला छळतं ते हे’. अस्वलाच्या चेहऱ्याच्या जवळच्या दृश्यावर ते म्हणतात की मला या चेहऱ्यात आपुलकी दिसत नाही, समज दिसत नाही, दया दिसत नाही, दिसते ती निसर्गाची प्रचंड बेपर्वाई. ट्रेडवेलला तिथे मित्र दिसत होता. म्हणजे एकाच चेहऱ्याची दोन वाचनं एकाच वेळी पडद्यावर आहेत आणि दोन्ही कोणाची आहेत ते स्पष्ट आहे. आपल्याकडच्या कितीतरी माहितीपटांत भारदस्त आवाजाचा एक अनामिक निवेदक असतो, तो ‘सत्य असे आहे की’ थाटात बोलतो आणि कोणाच्या वतीने बोलतो ते शेवटपर्यंत कळत नाही. त्याच्याशी वाद घालायला समोर माणूसच नसतो. हर्झोग यांच्याशी वाद घालता येतो. हा अभ्यासही त्याचाच भाग आहे.

आता ती जागा, जिथे हा सगळा डोलारा मला खटकतो.

हल्ला झाला तेव्हा ट्रेडवेलच्या कॅमेऱ्यात ध्वनिमुद्रण सुरू होतं, भिंगावर झाकण तसंच होतं. सुमारे सहा मिनिटांचा आवाज उरला. हर्झोग तो चित्रपटात वापरत नाहीत, आणि हा निर्णय योग्यच आहे. ते हेडफोन लावून स्वतः ऐकतात, त्यांची पाठ आपल्याकडे आहे, समोर पालोव्हाक बसली आहे आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आहे. ती त्यांचा चेहरा वाचते, आपण तिचा. मग ते हेडफोन काढून सांगतात, तू हे कधीही ऐकू नकोस, हे नष्ट कर.

त्या ध्वनिफितीत आवाज दोघांचे आहेत. त्यात एमी आहे. ट्रेडवेल तिला पळून जायला सांगत होता आणि ती पळाली नाही, तळणीने अस्वलाला मारत राहिली, हे शवचिकित्सा करणारे डॉक्टर सांगतात. चित्रपटात सांगितलेली ही सर्वांत धाडसी कृती आहे, आणि ती ट्रेडवेलची नाही. पण ध्वनिफितीच्या दृश्यात दुःख करायला समोर बसते ती ट्रेडवेलची जुनी मैत्रीण पालोव्हाक. एमीच्या बाजूने त्या खोलीत कोणी नाही.

तिच्या कुटुंबाने कॅमेऱ्यापुढे यायला नकार दिला. हर्झोग हे लपवत नाहीत. शंभर तासांच्या फुटेजमध्ये एमी जवळजवळ दिसतच नाही आणि ती या चित्रपटातलं एक मोठं अज्ञात राहते, असं ते स्पष्ट म्हणतात. ट्रेडवेलच्याच डायरीतून कळतं की ती त्याला विनाशाच्या मागे लागलेला म्हणायची. तरीही ती त्याला सोडून गेली नाही. हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलेलं आहे. पण ‘अज्ञात’ म्हणून सांगणं आणि तिच्यासाठी रडू येणं यांत फार अंतर असतं. प्रेक्षकाची सहानुभूती आवाजामागे जाते, चेहऱ्यामागे जाते, हातातल्या टेडी बेअरमागे जाते. एमीकडे यातलं काहीच नाही. तिच्या घरच्यांनी आपलं दुःख घरात ठेवलं, हा त्यांचा पूर्ण हक्क होता, आणि त्याची किंमत मात्र तिच्या वाट्याला आली. ट्रेडवेलच्या मृत्यूची गोष्ट सांगणारे कितीतरी आहेत. तिच्या मृत्यूची गोष्ट त्याच्या गोष्टीतलं एक उपप्रकरण होऊन राहते.

निवेदकाला इथे आणखी काही करता आलं असतं का? मला वाटतं, आलं असतं. जिथे साक्षीदार नाही तिथे निवेदनाने थांबायचं असतं. ट्रेडवेलच्या रिकाम्या झुडपांच्या शॉटसाठी हर्झोग यांनी जितका वेळ काढला, तितका वेळ एमीच्या त्या मोजक्या शॉटवर ते थांबू शकले असते. विमानातून सामान उतरवणारी, अस्वलाच्या जवळून वाकून बाजूला होणारी, कॅमेऱ्यापासून तोंड वळवणारी बाई. तिच्याबद्दल काही ठासून न सांगताही तिला पडद्यावर टिकू देता आलं असतं.

मंडळात मी दुसऱ्यांदा हा चित्रपट दाखवला तेव्हा एकच बदल केला. संपल्यावर चर्चा सुरू करण्याआधी एमी दिसते तो तुकडा परत लावला, निवेदनाचा आवाज बंद करून, आणि तो दोनदा दाखवला. खोलीत पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, ‘ती किती वर्षांची होती हो?’ सदतीस, मी सांगितलं. त्याच काकूंनी तुकडा अजून एकदा लावायला सांगितला, आणि या वेळी खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.